पित्ताचं पातळ औषध: बाटली हलवा, वेळ पाळा

नमस्कार मंडळी. ही बाटली बघा, पित्ताच्या पातळ औषधाची. कालपासून हिला कुणी हात लावलेला नाही. कॅमेऱ्याजवळ धरतो. वर पाणीदार थर आहे आणि तळाशी पांढरा गाळ बसलाय. हा गाळ म्हणजेच खरं औषध, अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांची बारीक पूड. ती विरघळत नाही, नुसती तरंगत असते. न हलवता ओतलंत तर आज पाणी पिता आणि बाटली संपताना दाट खळ. म्हणून झाकण घट्ट लावा, बाटली उलटी-सुलटी करून चांगली हलवा आणि तळ मोकळा झालाय ना ते बघा. मग मापाच्या झाकणातून घ्या, बहुधा 10 मिली. बाटली तोंडाला लावू नका, किती घेतलं ते कळत नाही.

आता वेळ. रिकाम्या पोटी घेतलं तर अर्ध्या-पाऊण तासात ते पोटातून पुढे सरकतं आणि जळजळ परत येते. जेवणानंतर तासाभराने घेतलं तर अन्नाबरोबर पोटात टिकतं, दोन-तीन तास काम करतं. रात्रीचा डोस झोपताना, कारण आडवं झालं की आम्ल घशाकडे चढतं.

आमच्या मेडिकलमध्ये एक काकू येतात. थायरॉईडची गोळी सकाळी सहाला नियमाने घ्यायच्या, तरी रक्ततपासणीत टीएसएच वाढलेलाच, म्हणजे गोळी पुरत नव्हती. मी विचारलं, "काकू, गोळीनंतर काय घेता?" म्हणाल्या, "सातला पित्ताचं औषध, दोन घोट." तिथेच घोळ होता. हे क्षार थायरॉईडच्या गोळीला धरून ठेवतात, ती रक्तात पुरेशी उतरतच नाही. या दोन औषधांत चार तास हवेत.

मग कागदावर वेळ मांडून दिली. सहाला थायरॉईडची गोळी. नऊला नाश्ता, दहाला पित्ताचं औषध. दीडला जेवण, अडीचला दुसरा डोस. त्यांची लोहाची गोळी संध्याकाळी साडेपाचला, कारण लोहालाही हे क्षार अडवतात. साडेआठला जेवण, साडेदहाला झोपताना शेवटचा डोस. हा कागद त्यांनी डॉक्टरांना दाखवला. गोळीची ताकद वाढवण्याआधी वेळा बदलून सहा आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करू, असं डॉक्टर म्हणाले.

इतर बऱ्याच गोळ्यांना दोन तासांचं अंतर पुरतं. पण डॉक्सीसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर किती अंतर ठेवायचं ते विचारूनच घ्या, तिथे जास्त लागू शकतं.

किडनीचा त्रास असेल तर मात्र हे औषध मनाने घेऊच नका. मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियम शरीरात साठतं. दोन आठवडे घेऊनही जळजळ थांबत नसेल तर नवी बाटली न घेता डॉक्टरांकडे जा. शौचाला डांबरासारखं काळं होत असेल, किंवा छातीतली कळ हातात, जबड्यात जात असेल, तर बाटली शोधत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.