मीच म्हणालो होतो, जा

मंडळी, आजचा विषय ब्रिज कसा लिहायचा. ब्रिज म्हणजे गाण्याच्या मध्ये येणारा तो वेगळा भाग, कडवंही नाही आणि ध्रुवपदही नाही. परवा एका गीतस्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो होतो. कुठल्या ते सांगत नाही, मानधन अजून यायचंय. (हशा) जवळजवळ प्रत्येक गाण्यात एकच प्रकार. दोन कडवी झाली, ध्रुवपद दोनदा झालं, मग ड्रम थांबले, नुसता पियानो उरला, गायकाने डोळे मिटले. म्हटलं, आता काहीतरी नवं कळणार. तर ध्रुवपदात 'तुझ्याविना करमेना' आणि ब्रिजमध्ये 'तुझ्यावाचून मन रमेना'! अहो, पोचलं ते आमच्यापर्यंत! शेजारचे परीक्षक म्हणाले, "काय उत्कट आहे!" म्हटलं, आहे ना, पण ती उत्कटता मघाशी होती तिथेच उभी आहे. एकाने तर सूर वर चढवला. सूर चढला की विचारही पुढे गेला, असं आपल्याला उगीच वाटतं.

थोडा घोळ आपल्या अंतऱ्यामुळेही होतो. अंतरे तीन-चार असले तरी बहुतेकदा चाल तीच. ब्रिजची चालच वेगळी, आणि तो सहसा एकदाच येतो.

सहसा म्हटलं, कारण बीटल्सचं 'वी कॅन वर्क इट आउट' घ्या, 1965 सालचं. त्यात मधला भाग दोनदा येतो. पेटीवाले कोण आहेत इथे? त्यात लेननने हार्मोनियम वाजवलीय बरं का! तर कडवी मॅकार्टनीची. तो भांडणाच्या आत बसून म्हणतोय, जरा माझ्या बाजूने बघ. सूर डी मेजरचे, उजळ. मधला भाग लेननचा. तिथे उदास बी मायनर लागतो आणि बोलणारा भांडणाबाहेर येतो: आयुष्य एवढंसं, त्यात भांडत कुठे बसायचं? ओळीच्या शेवटी ठेकाही तीनचा होतो. मग पुन्हा तीच समजुतीची ओळ येते, पण आता तिच्यात घाई ऐकू येते.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे जाहिरातीत छापलेला विषय आता सुरू! (हशा)

भरभर सांगतो. समजा, ध्रुवपद आहे: 'परत ये, दार उघडंच आहे.' ब्रिज लिहिला: 'कडी नाही लावली, वाट पाहतो मी.' आता हीच ओळ ध्रुवपदाच्या जागी म्हणून बघा. काही बिघडलं नाही ना? मग ती खोडा. त्याऐवजी विचारा, हा माणूस आतापर्यंत काय लपवतोय? 'मीच म्हणालो होतो, जा.' बस. ध्रुवपदाचा एक शब्द बदलू नका. तिसऱ्या वेळी तेच उघडं दार अपराध्याचं होतं.

आणखी दोन वाटा आहेत. काळ बदला: वीस वर्षांनी त्या घरात दुसरंच कुणी राहतंय. किंवा बोलणारा बदला: गेलेली बाई बोलू दे. यातली एकच घ्या. आठ बारमध्ये दोन मावत नाहीत. आणि चाल लावणाऱ्याला सांगा, ब्रिजची सुरुवात घरच्या कॉर्डवर, म्हणजे गाणं जिथे येऊन विसावतं त्या कॉर्डवर, नको. प्रश्न चहाच्या वेळी विचारा, हे बघा, माइक काढून घेतायत.