टाचणीखालच्या तीन चिठ्ठ्या

(दृश्य: लोखंडी पेटी, कुलूप उघडते. आतील नोटा टेबलावर मांडल्या जातात.)

नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस, दुपारी सव्वा तीन वाजता, एका धर्मादाय रुग्णालयाच्या लेखा विभागात ही पेटी उघडली गेली. ती उघडणारे रुग्णालयाचे रोखपाल आहेत आणि समोर बसून नोटा मोजणारे दोघे लेखापरीक्षकांकडे आर्टिकलशिप करणारे विद्यार्थी आहेत. विश्वस्त मंडळाच्या विनंतीवरून संस्थेचे नाव येथे घेतलेले नाही आणि आकडेही बदलले आहेत. मात्र त्यांचा एकमेकांशी असलेला मेळ तसाच ठेवला आहे.

आर्थिक वर्ष संपण्याआधीच लेखापरीक्षक तपासणीसाठी जी भेट देतात, तिला अंतरिम लेखापरीक्षण म्हणतात. ताळेबंद तयार नसतो, त्यामुळे या भेटीत अंतिम आकड्यांपेक्षा कामाची पद्धत पाहिली जाते.

(दृश्य: पाचशे, दोनशे, शंभरच्या गड्ड्या. नोंदपत्रकावर रक्कम लिहिली जाते.)

या पेटीतील किरकोळ रोकड ५०,००० रुपये असावी, असा विश्वस्तांचा ठराव आहे. खर्च झाला की पेटीत व्हाउचर येते आणि तेवढी रोकड कमी होते. म्हणून कोणत्याही क्षणी मोजले, तरी रोकड आणि व्हाउचर मिळून ५०,००० भरले पाहिजेत. याला अग्रधन पद्धत म्हणतात. त्या दुपारी रोकड २४,०५० रुपये निघाली आणि परतफेड न झालेली व्हाउचर १७,३५० रुपयांची होती. उरलेले ८,६०० रुपये तीन कच्च्या चिठ्ठ्यांवर होते.

(दृश्य: टाचणीने एकत्र लावलेल्या तीन चिठ्ठ्या, अगदी जवळून.)

पहिली चिठ्ठी ४,००० रुपयांची, रुग्णवाहिकेच्या टायरसाठी. दुसरी २,६०० रुपयांची, वायरमनच्या नावे. तिसरीवर केवळ एका कर्मचाऱ्याचे आडनाव, २,००० हा आकडा आणि ९ जून ही तारीख आहे. बिल नाही, मंजुरीची सही नाही, आणि साडेपाच महिने ही चिठ्ठी पैशांच्या जागी पेटीत पडून आहे. थोडक्यात, ती बिनव्याजी उसनवारी आहे आणि ती देण्याचा अधिकार रोखपालांना कोणी दिलेला नव्हता.

तरीही बेरीज रुपयाला रुपया जुळली. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालील लेखापरीक्षण अहवालात, तपासणीच्या दिवशीची रोख शिल्लक आणि व्हाउचर हिशेबाशी जुळली का, असा एक प्रश्न असतो. चिठ्ठ्याही धरल्या, तर त्या दुपारी त्याचे उत्तर ‘होय’ असेच लिहिता आले असते. अनुभवी लेखापरीक्षकाला मात्र इतकी नेमकी बेरीज जरा खटकते, कारण रोज सुट्ट्या पैशांचा व्यवहार होणाऱ्या पेटीत दोन-चार रुपयांचा फरक सहज राहतो.

(दृश्य: किरकोळ रोकड वही. पेन्सिलने बिलांच्या तारखा शेजारी लिहिल्या जात आहेत.)

या चित्रीकरणातील सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे ही पेन्सिल, असे आम्हाला वाटते. वहीत खर्च नोंदला त्या तारखेऐवजी बिलावर छापलेली तारीख घेऊन विद्यार्थिनीने सप्टेंबर महिना पुन्हा मांडला. वहीनुसार १७ सप्टेंबरला ६,१३० रुपये शिल्लक होती. परंतु पुढच्या आठवड्यात नोंदलेली, त्या दिवशी किंवा त्याआधी रोख चुकती केलेली पाच बिले ९,४०० रुपयांची निघाली. ती आपल्या खऱ्या तारखेला ठेवताच शिल्लक उणे ३,२७० झाली. पेटीत उणे रोकड असू शकत नाही. याचा अर्थ, त्या दिवशी दुसरीकडून पैसे आले होते.

(दृश्य: केसपेपरची खिडकी, रांग, पावतीपुस्तक.)

दुसरीकडून म्हणजे येथून. केसपेपरच्या शुल्काचा गल्लाही त्याच रोखपालांच्या ताब्यात असतो. पहिल्या दिवशी फक्त पेटी मोजली, ही चूक लेखापरीक्षकांची होती आणि ती त्यांनी कॅमेऱ्यासमोर मान्य केली. एका व्यक्तीकडे दोन रोकडी असतील, तर दोन्ही एकाच वेळी मोहोरबंद करून मोजाव्या लागतात, अन्यथा एकीतील तूट दुसरीतून भरून दाखवता येते. बारा दिवसांनी, पूर्वसूचना न देता, तशी मोजणी झाली. पेटी पुन्हा जुळली. गल्ल्यात पावत्यांप्रमाणे १४,२६० रुपये हवे होते. प्रत्यक्षात १०,२६० रुपये आणि ४,००० रुपयांची एक चिठ्ठी निघाली. तिच्यावर ‘पेटीसाठी’ एवढेच लिहिले होते.

‘‘परतफेडीचा चेक यायला दहा-दहा दिवस लागतात, आणि रात्री रुग्णवाहिकेला डिझेल तर लागतंच, साहेब,’’ असे रोखपालांनी सांगितले. ते खोटे नव्हते.

(दृश्य: चार व्हाउचर शेजारी शेजारी, २१२ ते २१५.)

ऑगस्टमधील ही चार व्हाउचर एकाच दिवसाची आणि जनरेटर दुरुस्त करणाऱ्या एकाच कारागिराची आहेत: ४,८००, ४,९००, ४,७०० आणि ४,०००. प्रशासकांच्या मंजुरीशिवाय ५,००० रुपयांपर्यंतच खर्च करता येतो, म्हणून १८,४०० रुपयांच्या एका कामाचे चार तुकडे झाले. आयकर कायदा मात्र एका व्यक्तीला एका दिवसात दिलेल्या रोख रकमांची बेरीज करतो. ती १०,००० रुपयांच्या वर गेली, तर नियमांत दिलेले अपवाद वगळता, ती रक्कम धर्मादाय उद्दिष्टासाठी वापरलेली धरली जात नाही. चारही व्हाउचरवर प्रशासकांची सही पुढे झाली, पण एकाच शाईत, परतफेडीच्या वेळी, पैसे गेल्यानंतर.

(दृश्य: संगणकाचा पडदा. पत्राचा मसुदा; एक वाक्य खोडले जाते.)

तपासणीत दिसलेल्या उणिवा लेखापरीक्षक ज्या पत्राने कळवतात, त्या व्यवस्थापन पत्राच्या पहिल्या मसुद्यात ‘रोखपालांचे काम असमाधानकारक आहे’ असे वाक्य होते. भागीदार लेखापरीक्षकांनी ते खोडले आणि त्याजागी लिहिले: ‘‘रोकड बाळगणे, खर्च करणे, नोंद घेणे व परतफेडीची मागणी तयार करणे ही चारही कामे एकाच व्यक्तीकडे असून, मंजुरी खर्चानंतर घेतली जाते.’’ पत्र प्रशासकांपुरते न ठेवता विश्वस्त मंडळाला पाठवण्याचे कारणही याच वाक्यात आहे, कारण मागाहून सही करणारे स्वतः प्रशासकच होते. लेखापरीक्षण मानक २६५ नुसार अंतर्गत नियंत्रणातील लक्षणीय उणीव कारभाराची अंतिम जबाबदारी असणाऱ्यांना लेखी आणि वेळेवर कळवावी लागते, उणिवेचे वर्णन आणि तिचा संभाव्य परिणाम दोन्ही द्यावे लागतात. हे लेखापरीक्षण वित्तीय विवरणांवर मत देण्यासाठी आहे, नियंत्रणांच्या परिणामकारकतेवर नाही, हेही पत्रात स्पष्ट करावे लागते. हा परिच्छेद बहुतेक विश्वस्त वाचत नाहीत, तो वाचावा.

शिफारशींचा भाग मोजून-मापून लिहिलेला आहे. दोन कर्मचाऱ्यांच्या विभागात चार कामे चौघांना देता येत नाहीत, हे पत्र मान्य करते. म्हणून केसपेपरचा गल्ला दुसऱ्या कर्मचाऱ्याकडे द्यावा, चिठ्ठीवरील उचल तीन दिवसांत मिटवावी, आणि कोषाध्यक्षांनी महिन्यातून एकदा न सांगता दोन्ही रोकडी मोजाव्यात, असे सुचवले आहे. सात महिन्यांत पेटीतून २,६६,००० रुपये खर्च झाले, म्हणजे महिन्याला सरासरी ३८,००० आणि आठवड्याला साधारण पावणेनऊ हजार. परतफेड दर सोमवारी झाली, तर १५,००० रुपयांची पेटी पुरेल.

(दृश्य: सभागृहाचे बंद दार.)

विश्वस्तांच्या बैठकीत चित्रीकरणाला परवानगी नव्हती. लेखी उत्तरात मंडळाने इतर सर्व शिफारशी मान्य केल्या, जूनच्या चिठ्ठीचे २,००० रुपये वसूल झाल्याचे कळवले आणि जनरेटरच्या रकमेबाबत कर सल्लागारांचे मत मागवले.

(दृश्य: तीच पेटी, नवे कुलूप.)

पेटीची मर्यादा मात्र मंडळाने १५,००० ऐवजी २०,००० ठेवली, आणि कारणाच्या रकान्यात लिहिले: ‘रात्रीचे डिझेल’.