पहाटेची साखर

“सा. न. वि. वि. डॉक्टरसाहेब, पहाटे माझी साखर उतरते. गोळ्या एकदा बघाव्यात ही विनंती.”

खानापूर तालुक्यातल्या एका गावातून बेळगावच्या दवाखान्यात आलेलं हे पत्र. अक्षर नातीचं, सांगणं 67 वर्षांच्या आजीचं. गोळ्यांची नावं लिहिण्याऐवजी नातीनं रिकाम्या पाकिटांचे तुकडेच कागदावर चिकटवलेत. मेटफॉर्मिन 500, सकाळ-संध्याकाळ. ग्लिमेपिराइड 2, तीही सकाळ-संध्याकाळ. दोन्ही गोळ्या पांढऱ्या, त्यामुळे ही युक्ती फार कामाची.

आजी पुढं सांगते: “तीनच्या सुमारास जाग येते. झंपर घामानं भिजलेला असतो, हात कापतात, पोटात खड्डा पडतो. नातीनं मशीनवर बघितलं तर 58. दुसऱ्या खेपेला 63. मग गूळ खाते, साखरेचा चहा घेते, की बरं वाटतं.”

70 च्या खाली आली की साखर कमी झाली, असं धरतात. पण दवाखान्यातल्या कागदावर हे कधी दिसलंच नव्हतं. पहाटे गूळ नि गोड चहा, आणि आठ वाजता ‘उपाशीपोटी’ म्हणून रक्त! रिपोर्ट आला 168. तो बघून संध्याकाळची ग्लिमेपिराइड वाढवली गेली आणि पहाटेचा त्रासही वाढला. गूळ खाल्ल्याचं आजीनं सांगितलं नव्हतं, कारण मधुमेहात गूळ खाल्ला म्हणून बोलणी बसतील ही भीती.

मेटफॉर्मिन एकटी असताना साखर सहसा इतकी उतरवत नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. पोटात अन्न असो-नसो, ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि तिचा अंमल जवळपास दिवसभर टिकतो. त्यात भाताची सुगी. दिवसभर कापणीत वाकायचं आणि रात्री दमून अर्धी भाकरी खाऊन आडवं व्हायचं. कष्टाच्या दिवशी स्नायू रात्रीही साखर ओढत राहतात. पत्रातल्या दोन्ही नोंदी कापणीच्याच दिवसांतल्या आहेत.

डॉक्टरांनी संध्याकाळची ग्लिमेपिराइड बंद केली. सकाळची न्याहारीबरोबर ठेवली, पण न्याहारी चुकली तर ती घ्यायची नाही. मूत्रपिंड मंदावलं की औषध अंगात रेंगाळतं, म्हणून क्रिएटिनिनची तपासणीही सांगितली. तो आकडा जास्त आला, तर सकाळच्या गोळीचाही पुन्हा विचार होईल.

पुन्हा साखर उतरलीच तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, पंधरा मिनिटांनी मशीनवर बघायचं, अजून 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. बरं वाटल्यावर थोडा भात किंवा भाकरी. आजी शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

आणि नातीला एक काम: काही रात्री तीन वाजता साखर बघायची, आकड्यापुढं वेळ लिहायची, गूळ खाल्ला असेल तर तोही लिहायचा.