चार हजार तास काम, मोजले किती?

[दृश्य: मोठ्या शीटचा उजवीकडचा खालचा कोपरा. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.]

ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या या चौकटीला टायटल ब्लॉक म्हणतात. प्रकल्पाचं नाव, तारीख, स्केल, आणि त्याखाली दोन छोटे रकाने: एक ड्रॉइंग काढणाऱ्याचा, एक तपासणाऱ्याचा. काढणाऱ्याच्या रकान्यात ज्या मुलीची आद्याक्षरं आहेत, ती आर्किटेक्चरची पदवी घेऊन दोन वर्षं या ऑफिसात काम करते आहे. शीटवरची जवळजवळ प्रत्येक रेघ तिच्या हातची. शिक्का मात्र दुसऱ्याचा, कारण कायद्याच्या लेखी ती अजून आर्किटेक्ट झालेली नाही.

हे ऑफिस अमेरिकेतलं आहे. भारतातल्या विद्यार्थ्याला हे ऐकून नवल वाटतं, कारण आपल्याकडे वाट वेगळी आहे. आपला वास्तुविशारद कायदा 1972 चा. मान्यताप्राप्त पदवी हातात आली की कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे अर्ज करायचा, कागदपत्रं आणि शुल्क भरायचं, आणि ‘सीए’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मिळवायचा. अनुभवाची अट आपल्याकडेही आहे, पण ती पदवीच्या पोटातच असते. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात एखाद्या आर्किटेक्टच्या ऑफिसात ट्रेनिंग करावं लागतं, तेच ते. पदवीनंतर देखरेखीखाली आणखी काही वर्षं काढल्याशिवाय नोंदणी नाही, असं आपल्याकडे नाही.

आपला कायदा नेमकं काय राखतो, हेही समजून घ्यायला हवं. या कायद्याच्या कलम 37 बद्दल सर्वोच्च न्यायालयानं 17 मार्च 2020 रोजी निकाल दिला. हे कलम ‘आर्किटेक्ट’ हे नाव लावण्यावर बंधन घालतं. इमारतीचं डिझाइन करण्याच्या कामावर नाही, असं न्यायालयानं त्यात स्पष्ट केलं.

[दृश्य: दोन पडदे असलेलं टेबल. एकावर ड्रॉइंग, दुसऱ्यावर तासांची नोंद.]

अमेरिकेत परवाना देतं ते त्या त्या राज्याचं बोर्ड. इलिनॉय हे परवान्याचा कायदा करणारं पहिलं राज्य, साल 1897. अशी बोर्डं आज 55 आहेत आणि त्या सगळ्यांची मिळून एक परिषद आहे. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘एनकार्ब’ म्हणतात. 1919 साली स्थापन झालेली ही परिषद परवाना देत नाही. अनुभव कसा मोजायचा, परीक्षा कशी घ्यायची, हे ती ठरवते आणि उमेदवाराची सगळी नोंद सांभाळून बोर्डाला पाठवते. सर्वसाधारण वाट तीन टप्प्यांची: मान्यतेची पदवी, देखरेखीखालचा अनुभव आणि परीक्षा. आपल्याला थांबायचं आहे ते मधल्या टप्प्यावर. पदवी आणि परीक्षेबद्दल सगळे बोलतात. वर्षं वाया जातात ती या मधल्या टप्प्यावर, आणि ती वाया जाताहेत हे ज्याची जातात त्याला कळतही नाही.

या अनुभवाच्या कार्यक्रमाला ‘एएक्सपी’ म्हणतात. एकूण 3,740 तास. आठवड्याला 40 तास धरले तर साधारण 94 आठवडे, म्हणजे दोन वर्षांहूनही कमी. पूर्वी हा आकडा 5,600 होता, 2015 मध्ये तो खाली आणला. त्यामुळे नव्यानं कामाला लागलेल्याला वाटतं, दोन वर्षं मान खाली घालून काम केलं की झालं.

पण हे तास एका पिंपात ओतायचे नसतात. सहा वेगवेगळी भांडी आहेत आणि प्रत्येकाचं माप ठरलेलं आहे. ऑफिस चालवण्याचं कामकाज, म्हणजे करार, फी, जबाबदाऱ्या: 160 तास. प्रकल्पाचं व्यवस्थापन: 360. जागेचा आणि गरजांचा अभ्यास: 260. आराखडा आणि डिझाइन: 1,080. वर्किंग ड्रॉइंग आणि तपशील: 1,520. आणि शेवटी प्रत्यक्ष बांधकामाच्या काळातलं काम: 360 तास. एक भांडं भरून वाहू लागलं तरी वरचं पाणी शेजारच्या भांड्यात जात नाही.

[दृश्य: नोंदीचा तक्ता. सहा पट्ट्या, एक पूर्ण भरलेली, बाकीच्या रिकाम्यासारख्या.]

आता त्या मुलीची दोन वर्षं मांडून बघू. ही मुलगी आम्ही कल्पिलेली आहे आणि तिचे तासही आम्हीच धरलेले आहेत. मापं मात्र परिषदेची. वर्षाचे कामाचे 50 आठवडे, आठवड्याला 40 तास, म्हणजे दोन वर्षांत 4,000 तास. ऑफिस मोठं आहे आणि मुलीचा हात स्वच्छ आहे. दारांची यादी असो, जिन्याचा छेद असो, टॉयलेटचा तपशील असो, तिनं काढलेलं शीट परत येत नाही. मग ऑफिसनं तिला तिथंच ठेवलं. वर्किंग ड्रॉइंगचे 2,900 तास झाले. डिझाइनचे 900. जागेच्या अभ्यासाचे 60, व्यवस्थापनाचे 90, साइटचे 40 आणि ऑफिसच्या कामकाजाचे जेमतेम 10.

वर्किंग ड्रॉइंगचं भांडं 1,520 वर भरलं. त्यापुढचे 1,380 तास तिनं काम केलं, पगार घेतला, इमारत उभी राहिली, पण अनुभवाच्या हिशेबात ते धरलेच जात नाहीत. सगळी भांडी मिळून तिचे 2,620 तास जमा झाले. अजून हवेत 1,120, आणि ते वर्किंग ड्रॉइंग सोडून उरलेल्या पाच भांड्यांतले.

आता 1,120 तास म्हणजे 28 आठवडे, असा हिशेब केला तर तो चुकतो. उद्यापासून तिला रोज तेवढंच काम द्यायला कोण तयार होईल? आठवड्यातला एक दिवस, म्हणजे आठ तास मिळाले, तर 140 आठवडे लागतील. म्हणजे पावणेतीन वर्षं. चांगलं काम करणारी मुलगी तिच्या चांगल्या कामामुळेच अडकून पडते, आणि यात कुणी वाईट वागलेलं असतं असंही नाही. मला हीच गोष्ट सगळ्यांत जास्त लागते.

[दृश्य: साइट. स्लॅबखाली डक्टची जोडणी चालू आहे.]

सगळ्यांत उशिरा भरतं ते बांधकामाच्या काळातलं भांडं. त्यात काय असतं ते जवळून पाहू. साइटवरून ठेकेदाराचा लेखी प्रश्न येतो, त्याला ‘आरएफआय’ म्हणतात. प्रश्न असा: कॉरिडॉरमध्ये तुळईखालून एसीचा डक्ट नेला, तर छताची उंची ड्रॉइंगमध्ये दाखवली आहे तेवढी राहत नाही. काय करायचं?

ज्यानं फक्त ड्रॉइंग काढलं आहे त्याला उत्तर सोपं वाटतं: छत खाली घ्या. देखरेख करणारा आर्किटेक्ट मात्र त्या मुलीला शेजारी बसवतो आणि स्ट्रक्चरचं शीट उघडायला लावतो. तुळई तिथं तेवढी खोल का आहे? डक्ट रुंद आणि चपटा केला तर चालेल का, हे एसीच्या सल्लागाराला विचारलं का? छत खाली आलं तर दरवाज्यावरचं मार्किंग आणि स्प्रिंकलरची जागा बदलेल का? आणि या बदलाचा खर्च करारानुसार कुणाच्या माथी येतो? ती उत्तराचा मसुदा लिहिते, तो दोन ओळी खोडतो, कारण त्या ओळींनी ठेकेदाराला जास्तीचं बिल लावायला जागा दिली असती. हा एक तास तिच्या नोंदीत बांधकामाच्या रकान्यात जातो. त्या खोडलेल्या दोन ओळींसाठीच तर तिला सहीच्या आधी ही वर्षं काढायला लावलेली असतात.

म्हणून देखरेख कुणाची, हेही ठरलेलं आहे. 3,740 पैकी जवळजवळ निम्मे, किमान 1,860 तास, आर्किटेक्टच्या प्रॅक्टिसमध्ये, परवाना असलेल्या आर्किटेक्टच्या हाताखाली झालेले लागतात. बाकीचे इतर मान्य ठिकाणी चालतात. सीनिअर डिझायनर वीस वर्षांचा अनुभवी असेल, रोजचं काम तोच देत असेल, पण त्याच्याकडे परवाना नसेल तर या निम्म्या तासांवर त्याची मंजुरी चालत नाही. कामाला लागतानाच विचारून घ्यायला हवं: माझे तास कोण मंजूर करणार?

[दृश्य: कॅलेंडर. मागचे महिने एकेक करून फिके होत जातात.]

दुसरी खाच आहे मुदतीची. काम झाल्यापासून आठ महिन्यांच्या आत नोंद केली तर तास पूर्ण धरतात. त्याहून जुने, पाच वर्षांपर्यंतचे तास निम्मेच मिळतात. समजा, आपल्या मुलीनं पहिले 14 महिने काहीच भरलं नाही. कामाचा रेटा होता, नंतर भरू म्हणाली. भरायला बसली तेव्हा शेवटचे आठ महिने पूर्ण धरले गेले, आधीचे सहा महिने निम्मे झाले.

नुकसान कुठं झालं ते नीट बघा. त्या सहा महिन्यांतले ड्रॉइंगचे तास निम्मे झाले तरी तिचं फारसं अडत नाही, ते भांडं तसंही वाहणारच आहे. पण त्याच काळात एका साइटवर तिला 80 तास मिळाले असते, तर त्यांचे 40 च धरले गेले असते.

तिसरी खाच माणसांची. देखरेख करणारा आर्किटेक्ट नोकरी सोडून गेला की जुने तास मंजूर करून घ्यायला त्याच्यामागे फिरावं लागतं. आणि त्याला वर्षापूर्वीचा एखादा मंगळवार आठवत नाही. ‘ड्रॉइंगचं काम, 120 तास’ एवढंच लिहिलेलं असेल तर तो तरी कशावरून मंजुरी देणार? ‘तळमजल्याच्या टॉयलेटचे तपशील, प्लंबिंग सल्लागाराच्या शेऱ्यांनुसार दुरुस्ती, 14 तास’ असं लिहिलं की त्याच्याही डोळ्यांसमोर शीट येतं.

हे सगळं वेळेत कळायचं कसं? दर तीन महिन्यांनी सहाही पट्ट्या एकमेकींशेजारी ठेवून बघायच्या. दोन तिमाही ओळीनं एकच पट्टी वाढताना दिसली, तर काम बदलून मागायची वेळ झाली. तेही आकड्यांनिशी मागायचं. ‘मला साइटचा अनुभव हवा आहे’ याला ऑफिसात ‘बघू’ असं उत्तर मिळतं. ‘माझे बांधकामाचे 320 तास बाकी आहेत, तो शाळेचा प्रकल्प पुढच्या महिन्यात साइटवर जातोय, त्याचे आरएफआय मी सांभाळते’ याला बहुतेक वेळा ‘ठीक आहे’ मिळतं, कारण त्यात ऑफिसचंही काम होतं.

[दृश्य: सकाळची साइट मीटिंग. मुलगी उभ्याउभ्या टिपणं घेते आहे.]

आपल्या मुलीनं तसंच मागितलं. आठवड्याला दोन दिवस मिळाले, म्हणजे 16 तास. 1,120 ला 16 नं भागलं तर 70 आठवडे. त्या काळात ती परीक्षेलाही बसू लागली. परीक्षेचे भाग सहा आहेत आणि त्यांची नावं अनुभवाच्या सहा भांड्यांचीच आहेत. अनुभव पूर्ण व्हायच्या आधी परीक्षेला बसू देणारी राज्यं बरीच आहेत. बांधकामाच्या काळातल्या कामाचा पेपर तिनं मुद्दाम साइटच्या महिन्यांत दिला. ठेकेदाराची बिलं तेव्हा रोज डोळ्यांखालून जात होती.

शेवटचे तास मंजूर झाले की परिषद तिची नोंद राज्याच्या बोर्डाकडे पाठवते. तिथं त्या राज्याची आणखी काही अट असू शकते. कॅलिफोर्नियात, उदाहरणार्थ, वेगळी पुरवणी परीक्षा द्यावी लागते. तीही झाली की परवान्याचा क्रमांक येतो. तोवर शाळेच्या साइटवर छताचं काम आलेलं असतं, आणि तिच्या टेबलावर कॉरिडॉरच्या डक्टबद्दलचा नवा आरएफआय पडलेला असतो.