रुजवात: सुधारून लिहिलेल्या अर्जातले न दिसणारे बदल

(यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळच्या एका गावाच्या वाचनालयात, सेतू केंद्र चालवणारी मुलं, रोजगार सेवक आणि गावात अर्ज लिहून देणारी मंडळी यांच्यासमोर केलेलं भाषण. बोलताना झालेली पुनरुक्ती काढून टाकली आहे.)

मंडळी, जुन्या दस्तऐवजाची नक्कल कुणाच्या घरी असेल तर तिचा तळ बघा. बऱ्याच नकलांवर दोन सह्या असतात. एक ‘नक्कल करणार’ आणि दुसरी ‘रुजवात घेणार’. म्हणजे एकाने उतरवून काढलं आणि दुसऱ्याने मूळ कागद शेजारी ठेवून शब्दाला शब्द ताडून पाहिला. आपण मात्र नक्कल करत नाही. काका वऱ्हाडीत सांगतात किंवा वहीच्या पानावर लिहून आणतात, आणि आपण ते कचेरीच्या मराठीत ‘नीट’ करून देतो. त्याची रुजवात कोणी घेत नाही, आणि आपली चूक बहुधा तिथेच होते.

नकलेत सगळे शब्द जुळायचे असतात, म्हणून एक शब्द चुकला की डोळ्यात खुपतो. सुधारून लिहिलेल्या अर्जात जवळपास कोणताच शब्द मूळाशी जुळत नाही. सगळंच बदललेलं, मग न बदलायचं ते बदललं हे कळणार कसं? त्यात वाक्य छान वाहत असलं की वाचताना शंकाही येत नाही. मी तीस वर्षं अर्ज लिहिले. माझ्या चुका बहुतेक सुरेख वाक्यांतच निघाल्या.

आता एकच अर्ज घेऊ. हा मी वेगवेगळ्या अर्जांचे तुकडे जोडून आजच्यासाठी बेतला आहे, कुणा एकाचा नाही. काका सांगतात:

“तान्ह्या पोळ्याच्या रात्री बारा वाजून गेल्यावर नाल्याचं पानी वावरात घुसलं. गट नंबर ४७/२, वावर १ हेक्टर ८ आर. दीड एकर तूर पुरी गेली. पऱ्हाटी गेली नाई, पिवळी पडली. पंचनामेवाले आले, पन माह्या वावरात उतरले नाई, भावाच्या वावरात उतरले. सहा तारखेले दुपारी विम्याच्या नंबरवर फोन केला.”

साल २०२४ धरा. आणि आपल्या मुलाने लिहून दिलेला अर्ज असा:

“दि. ३ सप्टेंबर २०२४ रोजी रात्री नाल्याचे पाणी शेतात शिरल्याने गट क्र. ४७/२ मधील १.८ हेक्टर क्षेत्रावरील तूर व कापूस या पिकांचे पूर्ण नुकसान झाले. सदर शेताचा पंचनामा करण्यासाठी कोणीही आले नाही. दि. ६ सप्टेंबर रोजी विमा कंपनीस कळविण्यात आले.”

वाचायला अडचण नाही. शुद्धलेखनही बरोबर आहे. काकांना वाचून दाखवलं तर तेही मान डोलावतील, कारण कचेरीची मराठी कानावरून गेली की माणूस आदराने हो म्हणतो. त्यांच्या हो म्हणण्यावर विसंबू नका.

पहिला आकडा बघा. १ हेक्टर ८ आर म्हणजे १.०८. एका हेक्टरात १०० आर असतात, म्हणून आरच्या जागी नेहमी दोन आकडे लागतात. १.८ लिहिलं की ते १ हेक्टर ८० आर झालं. मधलं एक शून्य गेलं आणि वावर ७२ आरने, म्हणजे जवळपास पावणेदोन एकरांनी वाढलं. सातबाऱ्यावर १.०८ आणि अर्जात १.८ दिसलं की समोरचा माणूस टायपिंगची चूक म्हणेलच असं नाही. जास्तीचं क्षेत्र दाखवलं असं तो म्हणू शकतो, आणि ते ऐकून घ्यावं लागतं काकांना.

‘दीड एकर’ तर अर्जात आलीच नाही. दीड, अडीच, पावणेतीन, साडेचार हे आकडे अक्षरांत लपलेले असतात. आकडे शोधत पान चाळलं तर ते डोळ्यांतून निसटतात. ‘पावणे’ तर उलटं काम करतं. पावणेतीन म्हणजे तीनला पाव कमी, २.७५. घाईत तीन ऐकून ३.७५ लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय. लिहिणारा मीच होतो.

हाताने लिहिलेलं उतरवताना आणखी एक घोळ होतो. देवनागरी ४ हा इंग्रजी आठासारखा दिसतो. काकांनी देवनागरीत लिहिलेलं असतं, आपला हात इंग्रजी आकड्यांवर बसलेला असतो, आणि ४७ चे ८७ होतात. म्हणून गट नंबर नजरेने उतरवू नका. तोंडाने ‘सत्तेचाळीस बटे दोन’ म्हणा आणि मग टाइप करा.

आता ‘नाई’. मूळात दोन आहेत. पऱ्हाटी गेली नाई, आणि उतरले नाई. अर्जात एकच नकार उरला, तोही भलत्या क्रियापदावर जाऊन बसला. पहिला का गेला ते पाहण्यासारखं आहे. लिहिणाऱ्याला दोन वाक्यं जोडायची होती. ‘तूर गेली, पऱ्हाटी पिवळी पडली’ याचं ‘तूर व कापूस या पिकांचे नुकसान’ असं सुबक वाक्य झालं, आणि तुरीचा ‘पूर्ण’ पऱ्हाटीलाही कुणी न सांगता लागला. त्याने मुद्दाम खोटं लिहिलं नाही. ‘व’ने जोडलं की दोन्ही पिकांना एकच शेपूट लागतं, एवढंच झालं.

दुसरा नकार जास्त महागात पडतो. काका म्हणतात, आले पण माझ्या वावरात उतरले नाहीत. अर्ज म्हणतो, कोणीही आले नाही. इथे ‘भावाच्या वावरात उतरले’ हे वाक्यही गळालं. लिहिणाऱ्याला वाटलं असेल, भावाचा या अर्जाशी काय संबंध? पण कचेरीत भावाच्या वावराचा पंचनामा ठेवलेला आहे. तो काढला की ‘कोणीही आले नाही’ हे खोटं ठरतं. काकांची खरी तक्रार, की शेजारच्या वावरापर्यंत येऊन माझं वावर सोडलं, ती अर्जात उरलीच नाही.

म्हणून नकार नुसते मोजून भागत नाही. प्रत्येक नकाराशेजारी त्याचं क्रियापद लिहायचं आणि कोणाबद्दल तेही लिहायचं. शिवाय प्रत्येक नकार ‘नाही’ असा उघड येत नाही. ‘खेरीज’, ‘वगळून’, ‘बिगर’, ‘अपात्र’, ‘अविभक्त’, ‘नसलेल्या’ हे सगळे नकारच. ‘असलेल्या’ आणि ‘नसलेल्या’ यांत एका अक्षराचा फरक, आणि दोन्ही वाक्यं व्याकरणाने शुद्ध. ‘सगळं वावर बुडालं नाही’ याचे तर दोन अर्थ होतात: थोडं बुडालं, किंवा मुळीच बुडालं नाही. इथे आपल्या मनाने अर्थ लावायचा नाही, विचारायचं.

तारखेकडे येऊ. २०२४ च्या पीक विम्यात पाणी साचण्यासारख्या स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आत द्यायची होती, हे तुम्हाला माहीत आहे. २०२४ मध्ये पोळा २ सप्टेंबरला होता, तान्हा पोळा ३ ला. पण काका म्हणाले ‘रात्री बारा वाजून गेल्यावर’. म्हणजे पाणी शिरलं तेव्हा ४ तारीख लागली होती. तिथून ७२ तास मोजले तर ७ तारखेच्या पहाटेपर्यंत मुदत जाते, आणि ६ ला दुपारी केलेला फोन आरामात बसतो. अर्जात ‘बारा वाजून गेल्यावर’ गळालं, ‘दुपारी’ही गळालं. आता कोणी ३ तारीख सुरू झाली तिथून मोजायला बसला तर ७२ तास ५ तारखेच्या मध्यरात्री संपले, आणि काकांचा फोन उशिराचा ठरला. तारीख तशी चुकलीही नाही, लोक त्या रात्रीला तान्ह्या पोळ्याचीच रात्र म्हणतात. पण नियम घड्याळाने चालतो. त्यामुळे सणावरून तारीख काढली तर सण आणि वेळ दोन्ही अर्जात ठेवा, आणि कॅलेंडर त्याच वर्षाचं आहे ना ते बघा. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता, तेव्हा पोळा १४ सप्टेंबरला गेला होता. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर पाहून लिहिणारे आहेत.

‘परवा’ हा शब्द लिहूनच घेऊ नका. तो झालेलाही असतो आणि येणाराही.

नावांचं या अर्जात फारसं काही नाही, पण ‘सदर’ या शब्दावर लक्ष ठेवा. अर्जात दोन भाऊ असले आणि दोघांच्या नावांच्या जागी ‘सदर शेतकरी’, ‘सदर इसम’ येऊ लागलं की तिसऱ्या वाक्यात कोण कोणाचं वावर सांगतोय ते कळत नाही. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. त्यामुळे एकाच घरात ‘वामन गणपत’ आणि ‘गणपत वामन’ हे दोघेही असतात, दोघेही खरे. नाव आणि बापाचं नाव उलटलं तर कोणाला चूक वाटणार नाही, फक्त अर्ज दुसऱ्याच माणसाचा होईल. गावाच्या नावापुढचं बुद्रुक-खुर्द तसंच. ते शोभेचं शेपूट समजून गाळू नका.

आता रुजवात प्रत्यक्ष कशी घ्यायची. मूळ कागदावर लाल पेनने आकडे, नकार, तारखा-वेळा आणि नावं यांना गोल करा. अक्षरांतले आकडे आणि ‘पुरी’, ‘पूर्ण’, ‘कोणीही’ असे शब्दही त्यात आले. मग मूळ कागद पालथा ठेवा आणि नव्या अर्जातून तीच यादी वेगळ्या पानावर काढा. पालथा ठेवणं महत्त्वाचं आहे. मूळ समोर असलं की डोळा त्यातलं वाचतो आणि अर्जात आहे असं मानतो. यादी अर्जाच्या शेवटून सुरू करा, म्हणजे वाक्याच्या ओघात वाहून जाणार नाही. दोन्ही याद्या झाल्या की शेजारी ठेवा आणि दोन्हीकडून ताडा. मूळात आहे आणि अर्जात नाही ते गळालेलं. अर्जात आहे आणि मूळात नाही ते घुसलेलं. लोक पहिलं बघतात, दुसरं विसरतात. आपल्या अर्जात पऱ्हाटीला लागलेला ‘पूर्ण’ हा शब्द आणि ‘कोणीही’ हा शब्द फक्त दुसऱ्या फेरीतच सापडतात. एवढ्या लहान अर्जाला हे सगळं करायला दहा मिनिटं पुरतात. दुसरा माणूस असेल तर एकाने मूळ वाचायचं आणि दुसऱ्याने अर्जावर बोट ठेवायचं, पण वाचणारा अर्ज लिहिणारा नको.

काकांना अर्ज वाचून दाखवतानाही कचेरीची मराठी बाजूला ठेवा. ‘काका, पऱ्हाटी पुरी गेली का?’ असं विचारा. ते लगेच म्हणतील, “पुरी कुठं गेली बाप्पा, पिवळी पडली.”

याने सगळं पकडलं जात नाही. रुजवात फक्त एवढं सांगते की अर्ज मूळासारखा आहे. मूळच चुकीचं असेल तर अर्जही तितकाच चुकीचा निघेल. समजा सातबारा उघडला आणि त्यात काकांचा गट ४७/३ निघाला. इथे हात शिवशिवतो. आपल्याला बरोबर आकडा दिसतोय, मग बदलून टाकू. मीही पूर्वी बदलायचो. पण काकांनी ४७/२ का सांगितला? कदाचित ४७/२ भावाचा असेल आणि वाटणी झाली तरी नोंद व्हायची राहिली असेल. कदाचित पाणी खरोखरच ४७/२ मध्ये शिरलं असेल आणि वहिवाट काकांची असेल. गुपचूप ३ केला तर हे सगळं झाकलं जातं, आणि तो बदल कोणी केला याचा मागही राहत नाही. मी आता पेन्सिलीने समासात दोन्ही आकडे लिहितो आणि फोन लावतो. काका वावरात असले तर संध्याकाळपर्यंत अर्ज टेबलावर पडून राहतो.