शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं?

(सांगली येथे सहकारी बँकांच्या शाखाधिकाऱ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, महिना उलटला की पाच-सहा तारखेपर्यंत तुमचा शाखा अहवाल मुख्य कार्यालयात जातो. डावीकडे आकडे, उजवीकडे शेरा. आणि शेऱ्यात काय असतं? ‘ठेवींमध्ये ३.७० कोटींची वाढ झाली आहे. वाढीचे प्रमाण ५.९ टक्के आहे.’ अहो, हे डावीकडे दिसतंच आहे की! वाचणाऱ्याला वजाबाकी येते. त्याला हवं असतं ते वेगळंच: हे पैसे कुणाचे, आत्ताच का आले आणि किती दिवस राहणार?

आज एकच शाखा घेऊन बसू. मिरज तालुक्यातली, ऊसपट्ट्यातली समजा. आकडे मी समजायला सोपे करून घेतलेत. महिना डिसेंबर. नोव्हेंबरअखेर ठेवी ६२.४० कोटी, डिसेंबरअखेर ६६.१० कोटी. पहिलं काम म्हणजे फोड करायची. बचत २.९० कोटींनी वाढली, मुदत १.१५ कोटींनी वाढली, चालू खाती ३५ लाखांनी उतरली. बेरीज ३.७० येते. बेरीज जुळल्याशिवाय कारणांना हात घालू नका. नाहीतर माणूस डोक्यात आधी आलेलं कारण लिहितो आणि आकडा त्याच्यामागं फरपटत नेतो.

आता बचत. खातेनिहाय फरकाची यादी काढली की चित्र लगेच स्वच्छ होतं. २९ डिसेंबरला कारखान्याची ऊसबिलं एकाच दिवशी जमा झाली, ३.१० कोटी. म्हणजे ऊसबिलं बाजूला ठेवली तर बचत उलट २० लाखांनी घटलेली आहे. ‘बचत ठेवींत भरघोस वाढ’ असं लिहिणाऱ्या शाखाधिकाऱ्याला ही घट दिसलीच नाही. त्याला ती लपवायची नव्हती, त्यानं यादी उघडलीच नाही इतकंच.

आणखी एक गंमत बघा. ३.१० कोटी महिनाअखेरीला दिसतात, पण शाखेत राहिले किती दिवस? २९, ३० आणि ३१, तीन दिवस. ३.१० गुणिले ३, भागिले ३१. रोजच्या सरासरीत भर पडली फक्त ३० लाखांची. शाखेला वापरायला मिळालेला पैसा तो एवढाच. म्हणून शेवटच्या तारखेच्या शिलकीशेजारी सरासरी शिल्लक लिहा. दोन्हींत मोठं अंतर पडलं, की कारण शेवटच्या आठवड्यातच सापडतं.

मागच्या वर्षीच्या डिसेंबरशी तुलना करायची असते, ती बरोबरच आहे. ऊसपट्ट्यात नोव्हेंबरशी तुलना करून फारसं काही कळत नाही. पण त्यातही एक खड्डा आहे. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी द्यावी असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. प्रत्यक्षात बिल कधी पडतं, हे इथं बसलेल्यांना मी काय सांगणार! मागच्या वर्षी हेच बिल ४ जानेवारीला जमा झालं असेल, तर यंदाची वार्षिक वाढ ही निव्वळ तारखेची करामत आहे. शेऱ्यात एक ओळ हवीच: ‘गतवर्षी बिलं जानेवारीत जमा, त्यामुळे तुलना ग्राह्य नाही.’

मुदत ठेवीचे १.१५ कोटी लवकर उरकतो. ४५ लाख हे पुनर्गुंतवणूक ठेवींवर तिमाहीअखेर जमा झालेलं व्याज. ५० लाख एका पतसंस्थेनं ९१ दिवसांसाठी ठेवलेत, मार्चअखेरीला ते आपल्याकडे असतील की नाही कोण जाणे. उरले २० लाख. एवढीच ठेव शाखेनं फिरून, माणसं भेटून आणलेली. चालू खात्यातली ३५ लाखांची घट दोन व्यापाऱ्यांची आहे.

मग शेरा असा होतो: ‘वाढीपैकी ३.१० कोटी ऊसबिलांचे, २९ तारखेला जमा. त्यातले अंदाजे दोन कोटी १५ जानेवारीपर्यंत सोसायटीची देणी, खतं आणि घरखर्चाला बाहेर जातील. मुदत ठेवीत ४५ लाख व्याजाचे, ५० लाख एका संस्थेचे, नवीन २० लाख. ऊसबिलं वगळता बचत २० लाखांनी कमी. चालू खात्यात दोन व्यापाऱ्यांची ३५ लाखांची घट. कारणं तपासत आहोत.’ यातली दोन कोटींची ओळ सगळ्यात मोलाची. जानेवारीच्या अहवालात ती खरी-खोटी ठरते. जे कारण पुढं काय होईल हे सांगू शकत नाही, ते बहुतेक वेळा अंदाजानं लिहिलेलं असतं. ‘बाजारात मंदी’, ‘सणासुदीमुळे’ ही त्यातलीच. कुठल्याही महिन्यात, कुठल्याही आकड्याला चिकटतात.

आता एनपीएकडे येऊ, कारण तिथं आकडा सुधारलेला दिसतो आणि सगळे खूश होतात. नोव्हेंबरमध्ये कर्जं ४० कोटी, एनपीए २.४८ कोटी, प्रमाण ६.२ टक्के. डिसेंबरमध्ये ५.६ टक्के. शेरा: ‘वसुलीच्या प्रयत्नांमुळे एनपीएत घट.’ खरंच? एनपीए २.४८ वरून २.४६ वर आलाय, फक्त दोन लाख. प्रमाण उतरलं ते कर्जं ४० ची ४४ कोटी झाली म्हणून, आणि त्या वाढीतले ३.२० कोटी एका शीतगृहाला दिलेल्या कर्जाचे. खालचा आकडा फुगला, वरचा होता तिथंच राहिला.

आणि ते दोन लाखसुद्धा फोडायचे. सुरुवातीची शिल्लक, नव्यानं आलेली खाती, वसूल झालेली रक्कम, अखेरची शिल्लक. इथं वसुली १४ लाख आणि नवीन १२ लाख. नुसती अखेरची बाकी पाहिली तर हे १२ लाख दिसतच नाहीत. ते कुणाचे? ऊस वाहतूक करणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्याचे. गेल्या हंगामात मुकादमाला उचल दिली, टोळी आलीच नाही. सप्टेंबरअखेरचा हप्ता राहिला, डिसेंबरात नव्वद दिवस भरले आणि खातं एनपीए झालं.

हे कारण शेऱ्यात आलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: वाहतूकदारांची अशी आणखी किती कर्जं शाखेत आहेत, आणि त्यांच्या टोळ्या यंदा आल्या का? ‘१२ लाख नव्याने एनपीए’ एवढंच लिहिलं, तर हा प्रश्न मुख्य कार्यालयात कुणालाच पडत नाही. मार्चमध्ये पडतो, तेव्हा उशीर झालेला असतो.

मघाशी एका शाखाधिकारी ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘सर, माणसं चार, काउंटरवर गर्दी. एवढी फोड कधी करायची?’ रास्त आहे. सगळ्या खात्यांची करू नका. ठेवींत आणि कर्जात सगळ्यात जास्त हललेली दहा-दहा खाती काढा. त्यांनी बहुतेक फरकाचा उलगडा होतो. उरलेल्या रकमेला कारण सापडलं नाही, तर ‘किरकोळ, कारण स्पष्ट नाही’ असं लिहून तो आकडा तसाच द्या. पण तो दर महिन्याला वाढत निघाला तर यादी दहावरून पंचवीसवर न्या. आणि हे काम सहा तारखेला सकाळी करू नका. ऊसबिल जमा होतं त्याच दिवशी पासिंग करणाऱ्याला माहीत असतं. त्याला वहीत तारीख आणि रक्कम टिपून ठेवायला सांगा.