बी नाही, तरी फळ

(दृश्य: सकाळचं पॉलिहाउस. दोरीवर चढवलेल्या काकडीच्या वेली. कॅमेरा एका कळीजवळ जातो.)

ही कळी नीट बघा. अजून उमललीही नाही, पण तिच्या मागे बोटाच्या पेराएवढी काकडी आधीच धरलेली दिसते. तो फुलाचा अंडाशय. शेतातल्या गावरान वेलीवर मधमाशीने नरफुलातले पराग आणून दिले नाहीत, तर ही पिटुकली काकडी काही दिवसांत पिवळी पडून गळून जाते. फलन झालं की आतलं कोवळं बी संजीवकं तयार करतं, आणि ती मिळाली की फळ वाढायला लागतं. बीच धरलं नाही, तर वेल त्या फळाला पोसत बसत नाही.

पॉलिहाउसमधल्या या जातीचा अंडाशय मात्र बियांची वाट बघत नाही. वाढीला लागणारं संजीवक तो स्वतःच तयार करतो, फलनाशिवाय. याला म्हणतात अनिषेकफलन. औषध नाही, फवारणी नाही. हा गुण बियाण्यातच असतो.

(दृश्य: जाळीला पडलेलं भोक. आत शिरलेली मधमाशी.)

एरवी शेतकरी मधमाशीची वाट बघतो. इथे ती नकोशी पाहुणी. बाहेरच्या काकडीचे पराग तिने आत आणले, तर या फुलांतही बी धरतं. मग काकडीचं टोक गदेसारखं फुगतं आणि माल वाकडा निघतो. असं फळ उभं कापलं की फुगलेल्या भागात टणक बिया सापडतात. म्हणून आधी जाळी तपासायची.

बियाणं घेतानाही एक गफलत होते. पाकिटावर ‘फक्त मादी फुलं येणारी जात’ असं लिहिलं, म्हणजे ती बिनबियांची असेलच असं नाही. हे दोन गुण वेगळे आहेत. नुसती मादी फुलं देणारी जात बंद पॉलिहाउसमध्ये लावली, तर फुलं भरपूर येतील आणि सगळी गळतील.

(दृश्य: टोमॅटोचा फुलोरा. हातपंपाचा बारीक फवारा.)

टोमॅटोत हेच काम बाहेरून करता येतं. 1936 साली अमेरिकेत गुस्ताफसन यांनी परागाऐवजी ऑक्झिन या संजीवकांच्या गटातली रसायनं फुलाच्या स्त्रीकेसराला लावली, आणि परागाशिवाय फळ धरलं. आज त्यासाठी ‘4-सीपीए’ नावाचं कृत्रिम ऑक्झिन वापरतात. थंडीच्या रात्री तापमान साधारण 13 अंशांखाली गेलं, की टोमॅटोचे पराग नीट तयार होत नाहीत आणि फूल गळतं. अशा वेळी झुपक्यातली तीन-चार फुलं उमलली की तेवढ्याच झुपक्यावर एकदा फवारा मारायचा. शेंड्यावर थेंब उडाले, तर नवी पानं नेच्यासारखी अरुंद, पिळलेली येतात.

मात्रा जास्त झाली, किंवा त्याच झुपक्यावर दुसऱ्यांदा फवारलं, तर फळ बाहेरून भरल्यासारखं दिसतं, पण बियांभोवतीचा गर आत भरतच नाही. त्याला कोपरे येतात, हातात हलकं लागतं. पाण्याच्या बादलीत टाकून बघा, पोकळ टोमॅटो तरंगतो.

(दृश्य: नाशिकची द्राक्षबाग. जीएच्या द्रावणात घड बुडवणारे हात.)

आता द्राक्ष. इथे बहुतेकांचा समज चुकतो, आपल्याकडच्या बागायतदारांचासुद्धा. थॉम्पसन सीडलेस आणि तिच्यातून निवडलेली तास-ए-गणेश या जातींत फलन होतं. बी धरतं, पण काही दिवसांत गर्भ मरतो. मणी उभा चिरून भिंगाखाली बघा, मऊ, खुरटलेला बियांचा अवशेष दिसेल. म्हणजे हे अनिषेकफलन नव्हे. ‘जीए’ने, म्हणजे जिबरेलिन गटातल्या संजीवकाने, ही द्राक्षं बिनबियांची होत नाहीत, ती मुळातच तशी आहेत. बी अर्ध्यावर मेल्यामुळे मण्याला जिबरेलिन कमी पडतं, ते बाहेरून द्यायचं एवढंच. मणी ज्वारीपेक्षा थोडे मोठे झाले, की 40 पीपीएमच्या द्रावणात घड बुडवतात. म्हणजे 25 लिटर पाण्यात एक ग्रॅम शुद्ध जीए. पावडर पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून आधी थोड्या अल्कोहोलात विरघळवायची.

जीएने बी खरोखर घालवलं ते जपानमध्ये, डेलावेअर या बियांच्या द्राक्षात. हे संजीवकही मुळात तिथेच सापडलं, भाताची रोपं उंच काटकुळी करून मारणाऱ्या एका बुरशीत. डेलावेअरचा घड दोनदा बुडवतात, दोन्ही वेळा 100 पीपीएमला. पहिल्यांदा पूर्ण फुलोऱ्याच्या सुमारे दोन आठवडे आधी. त्याने फलन बिघडतं आणि बी धरत नाही. पण बी नसलेला मणी खुरटाच राहिला असता, म्हणून फुलोऱ्यानंतर साधारण दहा दिवसांनी दुसरी बुडवणी.

(दृश्य: जपानी द्राक्षमांडव. बाईच्या हातात द्रावणाचा पेला.)

हजारो घड, एकेक करून, दोनदा. कुठला बुडवला आणि कुठला राहिला हे कळावं, म्हणून द्रावणात खाण्याचा लाल रंग घालतात. मांडवाखाली मान वर करून बघितलं, की हिरवा राहिलेला घड लगेच सापडतो.